नऊ आणे चार पै आणि न संपणारे तीन

दरसाल दरशेकडा सात रुपयांनी शंभर रुपये उसने दिले, तर एका महिन्याचं व्याज किती? साताला बारांनी भागायचं, एवढंच काम. कॅल्क्युलेटर ०.५८३३३३३३ असं काहीतरी दाखवतो. म्हणजे अठ्ठावन्न पैसे आणि वर थोडं. ते ‘थोडं’ किती, हे मात्र तो सांगत नाही. तीन, तीन, तीन लिहीत जागा संपली की थांबतो.

हाच हिशेब १९५७च्या आधी एखाद्या पेढीवरच्या दिवाणजींनी कसा लिहिला असता? त्यांच्या रुपयात सोळा आणे होते आणि आण्यात बारा पै, म्हणजे रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै. त्याचा बारावा भाग सोळा पै, असे सात भाग म्हणजे एकशे बारा पै. वहीत नोंद पडली असती : नऊ आणे चार पै. पूर्ण, चोख, मागे शेपूट नाही. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि त्याच व्याजाला तीनच्या आकड्याचं न संपणारं शेपूट फुटलं.

रक्कम बदलली नव्हती, बदललं होतं ते तिला मोजायचं माप. एकशे ब्याण्णवला तीनाने भाग जातो, शंभराला जात नाही. सगळी भानगड तेवढीच. उलटही घडतंच : रुपयाचा पाचवा भाग नव्या पैशांत नेमका वीस आहे, जुन्या हिशेबात तो तीन आणे आणि दोन पैच्या वर काहीतरी लोंबकळत ठेवतो. प्रत्येक मापाची अशी स्वतःची न संपणारी शेपटं असतात. लेखाच्या शेवटी एक असं माप येईल, ज्यात साधा एक दशांशही पूर्ण लिहिता येत नाही.

पण आधी उलटा प्रवास. समोर फक्त ०.५८३३३… आहे आणि त्यातला तीन पुढे कायम येत राहणार, एवढंच माहीत आहे. यावरून ७/१२ कसा शोधायचा?

नववीच्या गणितात याची एक युक्ती असते. समजा संख्या ०.७७७… आहे. तिला दहाने गुणलं की ७.७७७… येते. दुसरीतून पहिली वजा केली की दशांशचिन्हानंतरचे सगळे सात एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतं नऊपट बरोबर सात. म्हणून संख्या ७/९. युक्ती देखणी आहे, उत्तरही बरोबर आहे. मात्र मुलांपैकी एखादी चौकस मुलगी विचारते की न संपणाऱ्या दोन रांगा एकमेकींतून वजा करायची परवानगी कोणी दिली? हा प्रश्न ‘तसं असतंच’ म्हणून बाजूला सारण्याजोगा नाही. कारण हीच युक्ती भलतीकडे वापरली तर ती सपशेल खोटं बोलते.

१ + १० + १०० + १००० + … अशी बेरीज घ्या. ती दहाने गुणली की १० + १०० + १००० + … मिळते. म्हणजे पहिल्या बेरजेतला सुरुवातीचा एक तेवढा गळाला, बाकी सगळं तेच. वजा केलं की नऊपट बेरीज म्हणजे उणे एक, आणि बेरीज उणे एक नवमांश! सगळ्या धन संख्या मिळवत गेलो आणि उत्तर ऋण आलं. पायऱ्या शब्दशः त्याच होत्या. फरक एकच : ०.७७७…ला मुळात एक ठाम किंमत आहे आणि या दुसऱ्या बेरजेला ती नाही. युक्ती ‘किंमत आहे’ असं गृहीत धरून चालते, ती असल्याचं दाखवत नाही. ते दाखवण्याचं काम भूमिती श्रेढी करते. म्हणून अकरावीत जेव्हा हेच आवर्ती दशांश पुन्हा श्रेढीच्या धड्यात भेटतात, तेव्हा ती जुनीच गोष्ट नव्या नावाने सांगणं नसतं. नववीत उधार घेतलेल्या गृहीताची ती परतफेड असते.

दशांश अपूर्णांक हा मुळात बेरजेचा आखूड पोशाख आहे. ०.३३३… याचा अर्थ तीन दशांश, अधिक तीन शतांश, अधिक तीन सहस्रांश, आणि असंच पुढे. प्रत्येक पद आधीच्या पदाचा दहावा भाग. ज्या ओळीत प्रत्येक पद आधीच्या पदाला एकाच ठरावीक संख्येने गुणून मिळतं, तिला भूमिती श्रेढी म्हणतात आणि त्या ठरावीक संख्येला सामान्य गुणोत्तर. इथे ते १/१० आहे. मघाच्या बिघडलेल्या बेरजेत ते १० होतं. सगळा फरक तिथेच आहे, पदं आकसत जातात की फुगत जातात.

आकसणारी पदं कायम मिळवत राहिलो तर बेरीज कुठे जाते? हा प्रश्न केरळमधल्या एका गणित्याने फार नेमका विचारला होता. नीलकंठ सोमयाजी १४४४ साली जन्मले आणि आर्यभटाच्या ‘आर्यभटीया’वर त्यांनी सविस्तर भाष्य लिहिलं. वर्तुळाचा चाप, त्याची ज्या आणि शर यांचं नातं उलगडताना त्यांच्यापुढे एक बेरीज आली : पाव, अधिक पावाचा पाव, अधिक त्याचाही पाव, अशी अनंत. तिची किंमत एक तृतीयांश, हे त्यांना ठाऊक होतं. पण ते तिथे थांबले नाहीत. बेरीज तिथवरच वाढते आणि त्यापुढे जात नाही हे कशावरून, आणि ती खरोखर तिथवर पोचते हे तरी कशावरून, असा दुहेरी प्रश्न त्यांनी स्वतःच उभा केला. (पाव-पावाची जवळपास हीच बेरीज त्यांच्या सतराशे वर्षं आधी आर्किमिडीजनेही, अन्वस्ताचं क्षेत्रफळ काढताना, गाठली होती.)

नीलकंठांचं उत्तर पाहण्यासारखं आहे, कारण त्यात अनंताला हात लावावा लागत नाही. एक तृतीयांशातून पाव काढला तर उरतो बारावा भाग. आता बारावा भाग म्हणजे मूळच्या एक तृतीयांशाचाच पाव. त्यातून पुढचं पद, सोळावा भाग, काढला तर उरतो अठ्ठेचाळिसावा भाग. तो पुन्हा आधीच्या बाकीचा पाव. प्रत्येक पद काढल्यावर काहीतरी उरतंच, म्हणून बेरीज एक तृतीयांशाच्या पुढे कधीच जात नाही. आणि उरलेलं दर वेळी पाव होत जातं, म्हणून तुम्ही कितीही बारीक फट दाखवा, काही पदांनंतर बाकी त्या फटीहूनही लहान होते.

हाच डाव पावाऐवजी दशांशाने खेळून पाहू. एक नवमांश घ्या. त्यातून एक दशांश काढला :

१/९ − १/१० = १/९०

उरलेला १/९० हा मूळ १/९चा दहावा भाग. त्यातून एक शतांश काढला की उरतो १/९००, मग १/९०००. काढलेल्या तुकड्यांची बेरीज ०.१, ०.११, ०.१११ अशी वाढते आणि उरलेला तुकडा दर पावलाला दहापट आखडतो. म्हणून ०.१११… म्हणजे नेमका १/९. ‘जवळजवळ’ नव्हे. पदं कुठेही तोडली तर जे चुकेल ते किती चुकेल, हेसुद्धा या मांडणीतून आपोआप मिळतं, आणि शेवटी एका खऱ्या दुर्घटनेत तेच कामाला येणार आहे.

इथून सर्वसाधारण नियम एका वाक्यात सांगता येतो. गुणोत्तराचं केवल मूल्य १पेक्षा लहान असेल, तर अनंत भूमिती श्रेढीची बेरीज म्हणजे पहिल्या पदाला ‘एक वजा गुणोत्तर’ याने भागणं. ०.७७७…साठी पहिलं पद ७/१०, गुणोत्तर १/१०. ७/१०ला ९/१०ने भागलं की ७/९.

आवर्तन दोन अंकांचं असलं, जसं ०.१८१८१८…, तर एकेक अंक मोजत बसायचं नाही. ‘१८’ ही जोडी एक पद मानायची. पहिलं पद १८/१००. पुढचं १८/१००००, म्हणजे आधीच्याचा शंभरावा भाग. गुणोत्तर १/१००, आणि ‘एक वजा गुणोत्तर’ ९९/१००. भागाकार केला की १८/९९, म्हणजे २/११. तीन अंकांचं आवर्तन असेल तर गुणोत्तर १/१०००, छेदात ९९९. छेदातले नऊ कुठून येतात याचं गूढ इथे संपतं. ते दहा, शंभर, हजार यांतून एक वजा करून आलेले आहेत.

आता आपलं व्याज. ०.५८३३३… ही मिश्र आवर्ती संख्या आहे. आधी ५ आणि ८ हे एकदाच येऊन जाणारे अंक, मग तीनची रांग. श्रेढीच्या नजरेने पाहिलं तर मिश्र संख्येत वेगळं काहीच करायचं नसतं, फक्त रांग कुठे सुरू होते ते ओळखून तिथे कात्री लावायची. पुढचा तुकडा साधा अपूर्णांक, ५८/१००. मागचा तुकडा ३/१००० + ३/१०००० + … अशी श्रेढी. तिचं पहिलं पद ३/१०००, कारण पहिला आवर्ती तीन सहस्रांशाच्या घरात बसला आहे. गुणोत्तर १/१०. बेरीज :

३/१००० ÷ ९/१० = ३/९०० = १/३००

दोन्ही तुकडे जोडू. ५८/१०० म्हणजे १७४/३००, त्यात १/३०० मिळवला की १७५/३००. पंचवीसने संक्षेप दिला की ७/१२. कॅल्क्युलेटरने जे ‘थोडं’ सांगायचं टाळलं होतं, ते रुपयाचा तीनशेवा भाग होतं, म्हणजे पैशाचा एक तृतीयांश. व्याज नेमकं अठ्ठावन्न पैसे आणि तिसरा हिस्सा.

परीक्षेच्या गाइडमध्ये याच प्रकारासाठी एक तयार तोडगा छापलेला असतो : आवर्तनापर्यंतची सगळी संख्या लिहा, तीतून आवर्ती नसलेली संख्या वजा करा, छेदात आवर्ती अंक जितके तितके नऊ आणि त्यापुढे आवर्ती नसलेले अंक जितके तितकी शून्यं मांडा. इथे ५८३ वजा ५८ म्हणजे ५२५, छेदात ९००. उत्तर तेच. पण हा तोडगा घोकला की दोन आठवड्यांत नऊ आधी की शून्य आधी याचा गोंधळ होतो. श्रेढी मनात असली तर घोकायची गरज नाही : नऊ हे गुणोत्तरातून आलेत, शून्यं ही रांग किती घरं उशिरा सुरू झाली त्यातून. ५८/१०० + ३/९०० यांना ९०० हा समान छेद दिला की अंश होतो ५८ × ९ + ३. अठ्ठावन्न नव्वे म्हणजे पाचशे ऐंशी वजा अठ्ठावन्न. तीन मिळवले की ५८३ − ५८. तोडग्यातली वजाबाकी ती हीच.

आणखी एक उदाहरण मुद्दाम जरा अडचणीचं घेऊ, कारण चुका नेमक्या इथे होतात. २.३१८१८१८… यात २.३ हा एकदाच येणारा भाग, मग ‘१८’ची पुनरावृत्ती. पहिली हमखास चूक म्हणजे पहिलं पद १८/१०० लिहिणं. आवर्तनात दोन अंक आहेत म्हणून हात आपोआप शंभर लिहितो. पण या जोडीतला आठ सहस्रांशाच्या घरात आहे, म्हणून पद १८/१०००. दुसरी चूक याच्या उलट : गुणोत्तर १/१० धरणं, जणू एकच अंक परत येतोय. पदाचा छेद जोडीच्या जागेवरून ठरतो, गुणोत्तर जोडीच्या लांबीवरून. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. बरोबर मांडणी अशी :

२३/१० + (१८/१००० ÷ ९९/१००) = २३/१० + १८/९९० = २३/१० + १/५५

समान छेद ११० घेतला तर २५३/११० + २/११०, म्हणजे २५५/११०, म्हणजेच ५१/२२. पहिल्या चुकीने उत्तर २.४८च्या आसपास गेलं असतं आणि दुसरीने नेमकं २.३२ आलं असतं. पहिली चूक नजरेनेच पकडता येते. दुसरी मात्र घातक, कारण २.३२ आणि २.३१८ दिसायला जवळचे आहेत. म्हणून उत्तर मिळाल्यावर ५१ला २२ने भागून पाहण्याचा कंटाळा करू नये.

कात्री अमुकच जागी लागली पाहिजे असंही नाही. कोणी २.३१ बाजूला काढून ‘८१’ हे आवर्तन मानलं, तर २३१/१०० + ८१/९९०० अशी बेरीज होते आणि ती २५५०/११००, म्हणजे पुन्हा ५१/२२. आवर्तन जरा उशिरा सुरू झालं असं मानलं तर गणित लांबतं, बिघडत नाही. रांग सुरू व्हायच्या आधीच कात्री लावली तर मात्र बिघडतं.

मग काही संख्या पहिल्या घरापासूनच आवर्ती आणि काहींना आधी एखाददुसरा पाहुणा अंक, असं का? हे साध्या भागाकारात दिसतं. साताला बाराने भागताना शून्य उतरवून सत्तर होतात, भाग पाच, बाकी दहा. दहाचे शंभर, भाग आठ, बाकी चार. चाराचे चाळीस, भाग तीन, बाकी पुन्हा चार. इथे चक्र लागलं. आता बाकी चार, भाग तीन, बाकी चार, हे जन्मभर. आवर्तन म्हणजे बाकी परत येणं. बाराने भागताना शून्य सोडून फक्त अकराच बाक्या शक्य आहेत, त्यामुळे कधीतरी एखादी परत येणारच, म्हणून प्रत्येक अपूर्णांक एकतर संपतो किंवा आवर्ती होतो.

पाहुण्या अंकांचं कारण बाराच्या अवयवांत आहे. बारा म्हणजे चार गुणिले तीन. चाराला शंभर पुरतात, तीनाला दहाचा कोणताही घात पुरत नाही. शंभराने गुणलं की ७/१२चे १७५/३ होतात, म्हणजे अठ्ठावन्न पूर्णांक एक तृतीयांश. चाराची व्यवस्था लावण्यात दोन घरं खर्ची पडली, ते ५ आणि ८. त्यापुढे उरला निव्वळ तिसरा हिस्सा, शुद्ध आवर्ती. २२ मध्ये दोन एकदाच आहे, म्हणून ५१/२२ला दशांशचिन्हानंतर पाहुणा एकच, तो ३. छेदात दोन आणि पाच यांपैकी काहीच नसेल तर रांग दशांशचिन्हाला चिकटूनच सुरू होते, जसा २/११.

इथवर आवर्तन आपल्याला दिसतं आहे असं गृहीत धरलं. कॅल्क्युलेटरवर ते नेहमी दिसतंच असं नाही. १/१७ काढला तर दहा अंकी पडद्यावर ०.०५८८२३५२९४ येतं. त्यात पुनरावृत्तीचा मागमूस नाही, कारण १७चं आवर्तन सोळा अंकांचं आहे : ०५८८२३५२९४११७६४७. पडदा संपला, आवर्तन संपलं नाही. शिवाय २/३ला बरीचशी यंत्रं शेवटी ७ दाखवतात आणि शेवटचा अंक हा पूर्णांकनाचा असतो हे विसरलं की तो आवर्तनात मोजला जातो. श्रेढी लावण्याआधी आवर्तनाची खात्री हवी, आणि ती कागदावर भागाकार करत बाकी परत येईपर्यंत जाण्यानेच होते.

हे काम निव्वळ हौसेने करणारा एक माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. ६१७४ या संख्येमुळे जगभर माहीत झालेले द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. त्यांनी १९५० साली आवर्ती दशांशांच्या चक्रांवर एक पुस्तिका स्वतःच छापून प्रसिद्ध केली. तेव्हा कॅल्क्युलेटर नव्हता. छेद मोठा असला की एकेका चक्रासाठी शंभराहून अधिक बाक्या मांडाव्या लागतात. ११३चं आवर्तन एकशे बारा अंकांचं आहे.

श्रेढीच्या नियमाला एक उत्तर असं येतं, जे अनेकांना पचत नाही. ०.९९९… घ्या. पहिलं पद ९/१०, गुणोत्तर १/१०, बेरीज ९/१० ÷ ९/१०, म्हणजे १. ‘एकाच्या किंचित मागे’ नव्हे, एक. किंचित मागे म्हणजे किती मागे, असा नीलकंठांचा प्रश्न विचारला तर उत्तर देता येत नाही. एक सहस्रांश म्हणाल तर चार नऊ लिहिल्यावरच बाकी त्याहून लहान झालेली असते. एकाच संख्येला दोन पोशाख आहेत, एवढाच याचा अर्थ.

आता ते राहिलेलं माप. संगणकाच्या आत दहाचं माप नसतं, दोनाचं असतं. दशांशचिन्हानंतरची घरं तिथे अर्धा, पाव, अष्टमांश, सोळावा भाग अशी जातात आणि प्रत्येक घरात फक्त ० किंवा १. या मापात एक दशांश लिहायला घेतला की तो असा निघतो :

०.०००११००११००११००११…

ही मिश्र आवर्ती संख्याच आहे. आधी एक पाहुणा शून्य, मग ‘००११’ची अखंड रांग. पाहुणा एकच, कारण दहामध्ये दोन एकदाच आहे. रांग आहे ती पाचामुळे, कारण दोनाचा कोणताही घात पाचाला पुरत नाही. श्रेढी लावून पडताळू. पहिल्या ‘००११’मधले दोन एक चौथ्या आणि पाचव्या घरात आहेत, म्हणजे १/१६ आणि १/३२, मिळून ३/३२. आवर्तन चार घरांचं, म्हणून गुणोत्तर १/१६. ३/३२ला १५/१६ने भागलं की १/१०. जमलं.

आखाती युद्धात अमेरिकी सैन्याच्या पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचं घड्याळ वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत असे. मोजलेल्या आकड्याला एक दशांशाने गुणून सेकंद मिळवायचे, आणि तो एक दशांश चोवीस घरांच्या जागेत कोंबलेला होता. चिन्हानंतर तेवीस घरं राहिली, पुढची रांग कापली गेली. कापलेलं शेपूट किती, हे काढायला आता आपल्याकडे सगळं आहे. चोवीस आणि पंचवीस या घरांतले दोन एक तेवढे पहिल्या पदात येतात, त्यांची बेरीज ३/३,३५,५४,४३२. गुणोत्तर तेच, १/१६. पदाला १५/१६ने भागलं की येतं :

१/१,०४,८५,७६०

सेकंदाच्या दर दहाव्या भागाला एवढी चूक. सेकंदाच्या कोटीव्या भागाहूनही बारीक, आणि यंत्रणा काही तासांनी बंद करून पुन्हा चालू केली की पुसली जाणारी. पण सौदी अरेबियातल्या धाहरानमधली यंत्रणा शंभर तास सलग चालू होती. शंभर तासांत सेकंदाचे दहावे भाग छत्तीस लाख. छत्तीस लाखांना त्या छेदाने भागलं की ०.३४३३ सेकंद. सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने येणारं स्कड क्षेपणास्त्र तेवढ्या वेळात अर्धा किलोमीटर पुढे सरकतं. यंत्रणा ते जिथे शोधत होती, तिथे ते नव्हतं.

२५ फेब्रुवारी १९९१ रोजी ते सैनिकांच्या बराकीवर पडलं. अठ्ठावीस जण मेले. वेळेचा हिशेब दुरुस्त केलेलं नवं सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं ते दुसऱ्या दिवशी.